सा सुरात होता, तरी खटकत होता

सातवा टेक संपला आणि कंट्रोल रूममधून पुन्हा तेच वाक्य आलं, "'दारी'वर जरा बेसूर जातंय." काचेपलीकडे गायिकेनं हेडफोन काढून मान खाली घातली. सकाळपासून बाकी सगळं गाणं ती एकेका टेकमध्ये देत होती. अडत होती ती मुखड्याच्या या एका शब्दावर. चाल माझी होती, म्हणून तिला सांगायला मीच आत गेले. म्हटलं, "सा थोडा चढतोय का बघ." ती म्हणाली, "ताई, मला तर तो बरोबर ऐकू येतोय. पण ट्रॅक लागला की माझंच मला पटत नाही."

तिचं हे दुसरं वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं. नाही ऐकलं. आणखी दोन टेक घेतले.

नवव्या टेकनंतर रेकॉर्डिस्टनं तिचा आवाज पिच दाखवणाऱ्या खिडकीत उघडला. 'दा'ची रेघ पांढरी एकच्या साच्या पट्टीवर सरळ बसली होती. थरथर नाही, चढउतार नाही. मग त्यानं ट्रॅक बंद करून फक्त गळा ऐकवला. सुरेख सा होता, लावल्या लावल्या स्थिर झालेला. ट्रॅक परत चालू केला आणि तोच सा पुन्हा टोचायला लागला. चूक तिच्या गळ्यात नव्हती, चालीतच होती. मी तिथल्या तिथे तिची क्षमा मागितली आणि सगळ्यांना अर्धा तास थांबायला सांगितलं.

काम कसं आलं होतं ते आधी सांगते. कॉर्ड्‌सची चाकोरी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुड्यांचा क्रम, आधीच ठरलेली होती : सी, जी, ए मायनर, एफ. प्रत्येक कॉर्डला चार मात्रांचा एक बार, टेम्पो मिनिटाला 80 मात्रा, आणि हीच चक्री पुन्हापुन्हा. पियानो आणि बेस पक्के झाले होते, व्हायोलिन्सही आधीच रेकॉर्ड झाली होती. त्यांच्यावर मला शब्दांना चाल द्यायची होती. मी ट्रॅक चार-पाच वेळा ऐकला, लय मनात बसवली आणि नेहमीच्या सवयीनं पेटी काढून, सा-प धरून चाल बांधली. घोळ तिथेच झाला. पेटीवर सा-प धरला की सा कुठेही लावा, तो घरीच असतो. आपल्या कानाला तानपुऱ्याची सवय आहे. सा हलत नाही आणि समेवर साला येऊन टेकणं हा सगळ्यात सुखाचा न्यास. पण कॉर्ड बदलत जाणाऱ्या गाण्यात आधाराचे स्वर दर बारला बदलतात. सा कायम असला तरी त्याच्याखालची जमीन बदललेली असते.

पांढरी एकला सा धरला तर सी म्हणजे सा ग प. जी म्हणजे प नी रे. ए मायनर म्हणजे ध सा ग, आणि एफ म्हणजे म ध सा. म्हणजे चारांपैकी तीन कॉर्ड्‌समध्ये सा आहे. नाही तो फक्त जीमध्ये, आणि माझी ओळ येऊन टेकत होती ती नेमकी जीच्या बारवर.

ओळ होती 'उजेड आला दारी'. पहिल्या बारच्या चार मात्रांवर ग, प, ग, रे : 'उ' गवर, 'जेड' पवर, 'आ' गवर, 'ला' रेवर. दुसऱ्या बारच्या पहिल्या मात्रेला 'दा' सावर, तीन मात्रा लांब, आणि चौथ्या मात्रेला 'री'सुद्धा सावरच. या टेम्पोला तीन मात्रा म्हणजे सव्वादोन सेकंद. एवढा वेळ तिचा सा आणि पियानोचा नी शेजारीशेजारी वाजत होते. शेजारी हे मी शब्दशः म्हणतेय. पियानोवाल्यानं जी कॉर्ड अशी धरली होती की तिचा सगळ्यात वरचा स्वर नी होता, गायिकेच्या सापासून बरोबर अर्ध्या स्वराच्या अंतरावर. व्हायोलिन्सनीही तोच नी लांबवला होता. असा अर्ध्या स्वराचा घासता सूर ऐकला की कान सरळ निष्कर्ष काढतो : गाणारा चुकतोय. पियानो चुकतोय असं कुणाच्या मनातही येत नाही, कारण त्याचा स्वर ठरलेला असतो. कॉर्डशी न पटणारी चाल गायकाच्या माथी बेसूरपणा मारते ती अशी.

त्या अर्ध्या तासात मी कागदावर चालीचा सांगाडा उतरवला. चार मात्रांच्या बारमध्ये पहिली मात्रा सगळ्यात जोरकस आणि तिच्याखालोखाल तिसरी. दुसरी आणि चौथी हलकी, आणि मात्रांच्या मधले अर्धे ठोके त्याहून हलके. म्हणून दर बारमधले फक्त पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेचे स्वर घ्यायचे, बाकी सगळे गाळायचे. चार बारांचे आठ स्वर होतात. ट्रॅक बंद करून पियानोवर डाव्या हातानं कॉर्ड नुसती धरून ठेवायची आणि उजव्या हातानं हे आठ स्वर वाजवायचे. लय नाही, शब्द नाहीत, हरकती नाहीत. त्यामुळे लपायला जागाच उरत नाही. माझ्या पहिल्या बारमध्ये ग, ग आला : दोन्ही सीमधले, उत्तम. चौथ्या मात्रेचा रे सीमध्ये नाही, पण तो हलक्या मात्रेवर आहे आणि गवरून साकडे उतरणारा जिना आहे, त्याला कुणी अडवत नाही. दुसऱ्या बारमध्ये सा, सा. दोन्ही जोरकस जागा कॉर्डच्या बाहेर, आणि स्वर हलायला तयार नाही. सांगाड्यावर ते इतकं उघडं दिसलं की हे आधी का केलं नाही याची मला खरोखर खंत वाटली.

कॉर्डबाहेरचा प्रत्येक स्वर असा टोचत नाही, हेही त्याच पियानोवर पुन्हा तपासून घेतलं. जीवर ध लांबवला तर गोड लागतो. एफवर ग धरला तर एक हळवेपणा येतो, तो हवाहवासा असतो. टोचतो तो कॉर्डमधल्या एखाद्या स्वराच्या अर्धा स्वर वर येऊन बसणारा. आमच्या चार कॉर्ड्‌समध्ये असे स्वर मोजकेच होते : सीवर म, कारण तो गच्या अंगावर येतो, ए मायनरवरही त्याच कारणानं म, आणि जीवर सा. एफवर शुद्ध स्वरांपैकी असा एकही नाही. पहिल्या मात्रेवर लांब स्वर ठेवताना मी आता एवढं आधी बघते.

मग दुरुस्ती. पहिला विचार आला तो कॉर्ड बदलण्याचा. जीमधला नी काढून तिथे सा ठेवला, म्हणजे प सा रे केलं, तर भांडणच मिटतं. ट्रॅक मोकळा असता तर मी तेच सुचवलं असतं. पण व्हायोलिन्सचा नी रेकॉर्ड झालेला होता, तेव्हा चालच हलवायची.

पहिला मसुदा मी जोरकस मात्रेवर कॉर्डमधलाच स्वर हा नियम घट्ट धरून लिहिला. पहिल्या बारची चौथी मात्रा रेऐवजी सा, दुसऱ्या बारला 'दा' खालच्या नीवर दोन मात्रा, 'री' रेवर दोन मात्रा. ग प ग सा, नी, रे. सा अलीकडे सरकून सीच्या बारमध्ये आला, तिथे तो घरचाच. पहिल्या मात्रेला नी, तिसऱ्या मात्रेला रे, दोन्ही जीमधले. टोचणं संपलं. त्याच उत्साहात मी उरलेल्या ओळींमध्येही जिथे जोरकस मात्रेवर बाहेरचा स्वर होता तिथे आतला बसवला. गायिकेनं एकदा गाऊन दाखवलं आणि आमच्या गीतकारानं विचारलं, "ताई, ही कॉर्डच फोडून गातेय असं नाही वाटत?" वाटत होतं. ऐकणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी आधीच माहीत असलेली जागा मिळत होती, आणि 'उजेड आला' म्हणताना त्या शब्दामागची ओढ नाहीशी झाली होती.

शेवटी मुखड्याच्या पहिल्या ओळीत जुनी चाल परत आणली, फक्त 'दा' बदलला. सा पहिल्या मात्रेवरच ठेवला, पण एकच मात्रा, आणि दुसऱ्या मात्रेला मींडेनं खालच्या नीवर उतरवला. तिसऱ्या मात्रेला 'री' रेवर. आता सा अजूनही कॉर्डच्या बाहेरच आहे, अजूनही नीला घासतो. पण तो रेवरून पायरीनं येतो आणि पायरीनंच नीवर उतरतो. घासणं पाऊण सेकंद टिकतं आणि लगेच सुटतं. ते सुटणं कानाला हवं असतं, म्हणून आधीचा ताण गोड लागतो. अट एकच, स्वर सुटला पाहिजे. मधल्या एका टेकमध्ये ती मींड विसरून सावर थांबली, तेव्हा तोच जुना बेसूरपणा क्षणात परत आला.

मुखड्याच्या दुसऱ्या ओळीला मात्र मी सरळ नीवर उतरणारा मसुदाच ठेवला. तिथे एक गंमतशीर गोष्ट कळली. गायिका तो नी समेच्या अर्धी मात्रा आधीच उचलत होती, म्हणजे खाली अजून सी कॉर्ड वाजत असताना. कागदावर बघितलं तर सा ग पवर नी, तोही वजन देऊन. मी तिला थांबवणार होते, पण आधी ट्रॅकसकट ऐकलं आणि गप्प बसले. अजिबात खटकत नव्हतं. जो स्वर आधी उचलून पुढच्या बारमध्ये धरून ठेवला जातो, तो कान पुढच्या कॉर्डच्या खात्यावर मांडतो. क्षणभर तो परका असतो, मग कॉर्ड त्याच्याखाली येऊन मिळते. उलट झालं तर मात्र बिघडतं. तिसऱ्या ओळीत एफच्या बारवरचा म तिनं सवयीनं सीच्या बारमध्ये ओढला आणि आम्ही सगळ्यांनीच एकदम मान वर केली. तिथे तिला श्वास लवकर घ्यायला सांगितलं, म चौथ्या मात्रेला तुटला, काम झालं.

बारावा टेक ठेवला. गायिकेनं आत येऊन स्वतः ऐकला, 'दारी' दोनदा मागे नेऊन ऐकला, आणि मगच पाणी प्यायली.

अंतऱ्याकडे वळलो तेव्हा तिनंच विचारलं, "ताई, इथे चौथ्या बारला पुन्हा लांब सा आहे, तोही उतरवायचा का?" चौथा बार एफचा होता, म ध सा. मी डाव्या हातानं कॉर्ड धरली, तिनं सा लावला आणि चार मात्रा पूर्ण धरला. त्या साला आम्ही हात लावला नाही.