हप्ता कमी झाला, म्हणून मी बँकेत चार खेपा घातल्या

तीन तारखेला मोबाइलवर मेसेज आला की गृहकर्जाचा हप्ता 18,436 रुपये कापला. दर महिन्याला 22,493 जायचे. घरात सगळ्यांना आनंद झाला, मला मात्र धस्स झालं.

आधीच्या महिन्यात माझी विमा पॉलिसी मॅच्युअर झाली होती. त्यातले चार लाख मी बडोद्यातल्या मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटच्या कर्जात भरले. पैसे भरणं अगदी सोपं गेलं: चेक दिला, पावती घेतली. कर्ज फ्लोटिंग दराचं आणि माझ्या वैयक्तिक नावावर, त्यामुळे दंडाचा प्रश्नच नव्हता. (फिक्स्ड दर असेल तर करारातलं ते कलम आधी वाचा.) त्या दिवशी बाकी होती 22,17,676 रुपये, व्याज 9 टक्के, उरलेले हप्ते 180.

मला मुदत कमी करायची होती, बँकेने हप्ता कमी केला. काउंटरवरच्या भाईंना विचारलं तर म्हणाले, "बेन, सिस्टममां एवुंज आवे छे." दुसऱ्या खेपेला ते रजेवर होते. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या बाईंनी समजूत घातली, "हप्ता ओछो थयो, सारुंज छे ने?" घरी बाबाही तेच म्हणाले, "महिन्याला चार हजार वाचतायत, तुझं भांडण कशाला?"

मग मी त्यांच्यासमोर कागद घेऊन बसले. घटत्या शिलकीच्या कर्जात महिन्याचं व्याज त्या वेळच्या बाकीवर लागतं. वर्षाला 9 टक्के म्हणजे महिन्याला पाऊण टक्का. चार लाख भरण्याआधी 22,493 मधले 16,633 व्याजात जायचे आणि मुद्दल जेमतेम 5,860 ने कमी व्हायचं. चार लाख भरल्यावर बाकी उरली 18,17,676 आणि व्याज झालं 13,633. म्हणजे पहिल्याच महिन्यात व्याज तीन हजारांनी उतरलं. हप्ता तोच ठेवला तर हे तीन हजार मुद्दलात जातात, पुढच्या महिन्याची बाकी तेवढी आणखी घटते, तिच्यावरचं व्याज आणखी कमी होतं. बँकेने हप्ता 18,436 केला तेव्हा ते तीन हजार मला परत दिलेच, वर मुद्दलात जाणारे हजारभर रुपयेही कमी केले. कर्ज पुन्हा पूर्ण 180 महिन्यांवर पसरलं.

किती हप्ते उरतील ते मी स्प्रेडशीटमध्ये असं काढलं:

```
=NPER(0.09/12,-22493,1817676)
```

उत्तर 124.7 आलं. म्हणजे 125 हप्ते, शेवटचा थोडा लहान. 180 ऐवजी 125, चार वर्षं सात महिने आधी सुटका. व्याज वाचतं सुमारे 8 लाख 44 हजार. बँकेच्या पद्धतीने वाचत होतं सुमारे 3 लाख 30 हजार. बाबांनी दोन्ही आकडे चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "उद्या मी येतो तुझ्याबरोबर."

दर बदलला की 125 चा आकडाही हलेल, हे मात्र धरून चाला. आणि ज्यांना घरखर्चाची ओढाताण आहे त्यांनी हप्ता कमी करून घेण्यात काही चूक नाही. मला ती सवलत नको होती, एवढंच.

चौथ्या खेपेला मी तोंडी काही बोललेच नाही. अर्जात लिहिलं: "अंशतः फेड मुद्दलात जमा करून हप्ता 22,493 कायम ठेवावा, मुदत कमी करावी आणि सुधारित परतफेडीचं वेळापत्रक द्यावं." दोन प्रती केल्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. ही ओळ चेकसोबतच लिहून दिली असती तर चारही खेपा वाचल्या असत्या. मॅनेजरसाहेबांनी अर्ज वाचला आणि दहा मिनिटांत काम झालं. एक हप्ता कमी कापला गेला होता, त्यातले उरलेले 4,057 रुपये मी तिथेच मुद्दलात भरले.

आणखी एक, जे मी पैसे भरताना विचारायला हवं होतं: व्याज रोजच्या बाकीवर मोजतात की महिन्याच्या? रोजच्या बाकीवर असेल तर पैसे हातात येतील त्या दिवशीच भरा. महिन्याच्या बाकीवर असेल तर त्यांची मोजणीची तारीख विचारून तिच्या आधी भरा.

नवं वेळापत्रक हातात आलं तेव्हा मी हप्त्याचा आकडा पाहिलाच नाही, थेट पुढच्या महिन्याची मुद्दलाची ओळ पाहिली. तिथे 5,860 च्या जागी नऊ हजारांच्या जवळपास आकडा होता, आणि 125 मधला एक हप्ता भरून झाल्यामुळे शेवटच्या पानावर 124 वा हप्ता.