हा फोन आता तुझा झाला

बुधवार, रात्री साडेदहा

"हा फोन आता तुझा झाला गं, माझा नाही राहिला."

आत्या चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. गवार मोडता मोडता सहज म्हणाली. सदाशिव पेठेतून कोथरूडला येईपर्यंत बसमध्ये तेच वाक्य डोक्यात घोळत होतं, अजूनही घोळतंय.

रविवारचा अख्खा दिवस मी त्या फोनला दिला होता. कोणी सांगितलं होतं मला? बाकीचे सगळे नुसते "आत्याचं कसं आहे?" विचारतात. असो.

खरं तर माझी चूक रविवारच्याही आधीची आहे. सहा महिने मी फक्त अक्षरं मोठी करत होते. आधी फाँट साइझ शेवटच्या टोकाला नेला, मग डिस्प्ले साइझही. स्क्रीनवर जेमतेम चार शब्द उरले आणि काही ठिकाणी बटणंच खाली गायब झाली. तिच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, कडेचं दिसतं. म्हणून ती मान जरा वळवून, कडेच्या नजरेनं वाचते. अक्षर फार मोठं झालं की अख्खा शब्द त्या कडेच्या जागेत मावत नाही, मधला तुकडा डागाखाली जातो. "सोमवारी" तिनं "सो... री" असं वाचलं तेव्हा कुठे मला हे कळलं. फाँट दोन टप्पे मागे आणल्यावर शब्द पुरा वाचला. पण दोन ओळींत दमली.

म्हणून रविवारी फोनमधला टॉकबॅक चालू केला. बोट ठेवलं की तिथे काय आहे ते बोलतो, उघडायचं तर दोनदा टॅप, यादी सरकवायची तर दोन बोटं. हे सगळं शिकवलं. आवाजाची भाषा मराठी केली, वेग कमी केला. आलेला फोन कसा उचलायचा, तेवढं मात्र शिकवलं नाही.

इतकी वर्षं ती एका बोटानं वर सरकवून फोन उचलते. टॉकबॅक चालू असताना एक बोट सरकवलं की फोन उचलला जात नाही, नुसता दुसऱ्याच बटणाचं नाव बोलतो. सोमवारी रात्री शकूमावशीचे तीन फोन आले. आत्या सरकवत राहिली, तो बोलत राहिला, रिंग थांबली. शकूमावशीनं त्या रात्री फोन का केला होता ते आठवलं की मला अजून...

आज तेच आधी घेतलं. दोन बोटांनी दोनदा टॅप केलं की फोन उचलला जातो, ठेवायलाही तसंच. मी स्वयंपाकघरातून रिंग द्यायची, तिनं बाहेरच्या खोलीत उचलायचा. पहिले चार फोन गेले. तिची दोन बोटं एकदम पडत नव्हती, एक आधी टेकायचं, मग फोन ते एकाच बोटाचं धरायचा. फोन हातातून टेबलावर ठेवला, बोटांत जरा अंतर ठेवायला सांगितलं, तेव्हा जमलं.

मग नावं. मी सगळी रोमन अक्षरांत साठवली होती आणि मराठी आवाज त्यांवर अडखळत होता. एकेक नाव देवनागरीत केलं. तिनं सांगायचं, मी लिहायचं. "शकू नाशिक", "दूधवाला", "खालचे जोशी". एका नावाशी थांबली. "ते काढू नकोस. राहू दे." मी तेही देवनागरीत केलं.

आणि जे रविवारीच करायला हवं होतं, ते शेवटी केलं. सेटिंगमध्ये शॉर्टकट चालू करून दिला. आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद एकत्र दाबून धरली की टॉकबॅक बंद, पुन्हा धरली की चालू. तिनं लगेच धरली. तो गप्प झाला. तिनं फोन उजव्या डोळ्याच्या कडेला नेला आणि काकांचा फोटो पाहत बसली. किती दिसत होता कोण जाणे. मी विचारलं नाही. मग पुन्हा बटणं धरली, तो बोलायला लागला, आणि ती गवारीकडे वळली.

तिला तो काही वेळा नकोच असणार. तेव्हा बंद करेल. मी रविवारी हे धरलंच नव्हतं, मला तो सतत चालू हवा होता.

साडेनऊला घरून फोन केला. एक रिंग, दोन, तीन, चार. पाचवीला उचलला.

"अगं, शकूशी बोलले मघाशी. मीच लावला."