आमचा सगळ्यात भरवशाचा सप्लायर स्कोअरकार्डात शेवटचा आला तेव्हा

चाकणच्या आमच्या कारखान्यात नवीन ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टॉक आणि हिशेब एकत्र सांभाळणारी सॉफ्टवेअर सिस्टीम, सुरू होऊन पहिली तिमाही संपली, आणि सप्लायर स्कोअरकार्ड आपोआप तयार होऊन आलं. टर्निंग-मशीनिंगच्या ११ सप्लायरांत भोसरीचे काका ११ वे होते. १०० पैकी ६४. प्लांट हेडनी आधीच ठरवून टाकलं होतं, की यादीतले खालचे तीन सप्लायर पुढची तिमाही नव्या पार्टसाठी होल्डवर राहतील. नेमका त्याच महिन्यात एका नव्या शाफ्टचा आरएफक्यू, म्हणजे सप्लायरांकडून दर मागवणारं पत्र, निघणार होता आणि तो काकांकडे जावा असं माझ्या मनात पक्कं होतं.

काका म्हणजे भोसरी एमआयडीसीतलं छोटं युनिट. दोन सीएनसी, तीन जुने लेथ, एक सेंटरलेस ग्राइंडर. परचेसमध्ये आल्यापासून मी त्यांचं काम बघतेय. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी आमच्या लाइनवर एका बुशचा आख्खा लॉट अंडरसाइज निघाला होता. तो दुसऱ्याच सप्लायरचा होता. काकांनी रात्रीत बार कापून, टर्निंग करून रविवारी सकाळी २०० बुश टेम्पोतून पाठवले. या कामाला स्कोअरकार्डात रकाना नाही. खरं तर तसा एक रकाना आहे, त्याच्याकडे पुढे येते.

आमच्या कार्डात क्वालिटीला ४०, डिलिव्हरीला ४०, किमतीला १० आणि रिस्पॉन्सला १० गुण. काकांना क्वालिटीत ३७ होते, म्हणजे तक्रारीला जागा नाही. किमतीत ७. रिस्पॉन्सचे गुण बायरने हाताने भरायचे असतात. ते कोणीच भरले नव्हते, म्हणून सगळ्यांनाच ५-५ पडले होते. डिलिव्हरीत मात्र ४० पैकी फक्त १५. तिमाहीत त्यांच्याकडून २४ वेळा माल आला, त्यातला ९ वेळाच वेळेवर, असं सिस्टीम म्हणत होती.

मला ते पटलं नाही. पण नुसतं पटलं नाही म्हणून रिव्ह्यूत काही बोलता येत नाही. म्हणून चोवीसही रिसीटची, म्हणजे प्रत्येक वेळी आलेल्या मालाची, यादी एक्सेलमध्ये काढली आणि प्रत्येकीसमोर तीन तारखा लिहिल्या. पीओवरची, म्हणजे आमच्या खरेदी ऑर्डरवरची, देय तारीख, गेट एन्ट्रीची तारीख आणि जीआरएनची, म्हणजे माल स्टॉकमध्ये घेतल्याच्या नोंदीची, पोस्टिंग तारीख. गेटची तारीख ईआरपीत नव्हती. ती सिक्युरिटीच्या रजिस्टरमधून आणि मालासोबत येणाऱ्या चलनांवरून घ्यावी लागली. आमच्याकडे चलनाच्या मागे गेटचा शिक्का मारून त्यात वेळ पेनाने लिहितात. स्टोअर्सच्या फाइली काढून एकेक चलन उलटं करून बघत बसले.

१४ मेची रिसीट घ्या. देय तारीख १४ मे. चलनाच्या मागे शिक्का १४ मे, सकाळी ११.४०. जीआरएन पोस्ट झाला १६ मेला. सिस्टीम देय तारखेशी जीआरएनची तारीख ताडून बघते, गेटची नाही. त्यामुळे ही रिसीट दोन दिवस उशिरा आणि गुण शून्य. अशा सात रिसीट निघाल्या.

जीआरएन उशिरा का होतो हेही स्टोअर्समध्ये उभं राहिल्यावर कळलं. मोठे सप्लायर माल निघताना एएसएन, म्हणजे माल येत असल्याची आगाऊ ऑनलाइन सूचना, टाकतात. त्यांची गाडी लागली, बारकोड स्कॅन केला की काही मिनिटांत जीआरएन होतो. काकांचं चलन कागदाचं. पीओ लाइन शोधायची, नग मोजायचे, इन्व्हॉइस जुळवायचं, मग हाताने एन्ट्री. दुपारनंतर गाड्यांची रांग लागली की कागदी चलनं ट्रेमध्ये जातात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघतात. स्टोअर्सच्या मुलांचा यात काही दोष नव्हता, दोन माणसं अख्खं इनवर्ड सांभाळत होती.

आणखी तीन रिसीट चक्क लवकर आल्यामुळे नापास होत्या. आमची विंडो अशी आहे की देय तारखेच्या दोन दिवस आधीपर्यंत आलेला माल वेळेवर धरायचा, त्याच्याही आधी आला तर नाही. नियम योग्यच आहे, नको असलेला माल आधी आला तर जागा आणि पैसा दोन्ही अडकतं. पण हे तीनही लॉट आमच्या प्लॅनरने फोन करून आधी मागवले होते. शेड्यूल पुढे ओढलं गेलं फोनवर, पीओवरची तारीख मात्र होती तिथेच राहिली. जुन्या पद्धतीत हे चालून जायचं, कारण तारीख कोणी मोजतच नव्हतं.

राहिल्या पाच. त्या खरोखरच उशिरा आल्या होत्या, चार ते सहा दिवसांनी. त्यांच्याबद्दल मी काही बोलू शकत नव्हते.

म्हणजे २४ पैकी १९ वेळेवर. डिलिव्हरीचे गुण १५ वरून ३२ च्या आसपास जातात आणि एकूण ६४ चे ८१ होतात. हा तक्ता घेऊन मी प्लांट हेडकडे गेले. त्यांनी नीट बघितला आणि म्हणाले, "मॅडम, एवढं कशाला? रिस्पॉन्सचे दहा गुण तुमच्याच हातात आहेत. दहापैकी दहा भरा, बघू किती वर येतात ते."

त्यांनी ते चांगल्या मनानेच सुचवलं, पण मी नाही म्हटलं. काका मला आवडतात हे अख्ख्या ऑफिसला माहीत आहे. मी त्यांना दहा देणार, आणि ज्यांच्याशी माझं जमत नाही त्यांना चार. मग स्कोअरकार्ड आणण्याचं कारणच काय उरलं? दिवाळीतल्या त्या रात्रीचे गुण द्यायचेच असतील तर त्याची काही नोंद हवी. किती वेळा तातडीची मागणी केली आणि किती वेळात माल मिळाला, हे लिहिलेलं हवं. तसं काही नव्हतं.

आमच्या इंटर्नल ऑडिटच्या बाईंनी त्याहून महत्त्वाचा मुद्दा काढला. दुरुस्ती फक्त एका सप्लायरची करायची नाही, करायची तर अकराही जणांची. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मग सगळ्यांची चलनं काढली. ते काम कंटाळवाणं होतं, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. निकाल असा, की कागदी चलनवाले आणखी तीन छोटे सप्लायरही वर सरकले आणि काका ११ वरून थेट पाचवर न जाता ८ वर आले. होल्डच्या यादीतून जेमतेम बाहेर.

त्याच चाळणीत पहिल्या नंबरच्या सप्लायरचं एक प्रकरण दिसलं. १००० नगांच्या ऑर्डरवर ते देय तारखेला ३०० पाठवायचे, उरलेले ७०० आठवड्याने. सिस्टीम पहिली रिसीट वेळेवर धरत होती आणि उरलेल्या मालासाठी नवीन तारीख टाकली गेली की तीही वेळेवर. आमची लाइन जूनमध्ये ज्या पार्टसाठी थांबली तो त्यांचाच होता. वेळेवर आला का हे मोजलं जात होतं, पूर्ण आला का हे नाही.

जीआरएनची तारीख बदलायला मात्र कोणी तयार होईना. "ईआरपीत स्टॉकची तारीख तीच असते," एवढंच उत्तर. शेवटी दार उघडलं ते फायनान्सकडून. काकांचं युनिट सरकारच्या उद्यम नोंदणीत सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेलं आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल प्रत्यक्ष पोचला तोच दिवस स्वीकृतीचा दिवस धरतात. आमच्याकडे ते ४५ दिवस जीआरएनपासून मोजले जात होते. शिवाय आयकराच्या नियमामुळे, सूक्ष्म-लघु उद्योगांना मुदतीत न दिलेली रक्कम खर्च म्हणून ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी धरता येते. फायनान्सच्या साहेबांनी हे ऐकलं आणि तक्ता स्वतःकडे ओढून घेतला. त्यांना मालाची प्रत्यक्ष तारीख सिस्टीममध्ये हवीच होती. तिथून गेट एन्ट्री ईआरपीत करायचं ठरलं. सिक्युरिटीच्या केबिनमध्ये एक कॉम्प्युटर बसला, आणि स्कोअर आता त्या तारखेवरून निघतो. जीआरएनची तारीख स्टॉकसाठी आहे तशीच राहिली.

त्या पाच उशिरा आलेल्या रिसीटसाठी मी भोसरीला गेले. पाचही लॉट झिंक प्लेटिंगच्या दोन पार्टचे होते. काकांकडे प्लेटिंग नाही, ते बाहेर करून घेतात. शॉपमध्ये दाराशीच निळ्या क्रेटमध्ये टर्निंग झालेले स्पेसर तेल लावून तयार होते, क्रेटवर खडूने चार दिवसांपूर्वीची तारीख लिहिलेली.

"हे का थांबलेत, काका?"

"प्लेटिंगवाला छोटा लॉट घेत नाही, ताई. बॅरल भरेल एवढा माल जमला की माझा टाकतो. मी तरी काय करणार?"

"करू नका काही. पण क्रेटवर तारीख पडली त्याच दिवशी मला फोन यायला हवा होता. मला कळतं ते देय तारखेला, तेही लाइनवरून फोन आल्यावर."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुम्हाला आधी सांगितलं तर तुम्ही काळजी करणार, म्हणून मी स्वतःच धावपळ करत बसतो." मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की काळजी करणं हेच माझं काम आहे. आधी कळलं तर मी प्लॅनरला लाइनवरच्या कामाचा क्रम फिरवायला सांगू शकते. देय तारखेला कळलं तर काहीच करता येत नाही.

आमच्या बाजूनेही एक गोष्ट सुधारली. डेटा चढवताना सगळ्या टर्निंग पार्टना ऑर्डरपासून माल येईपर्यंतचा लीड टाइम सरसकट १० दिवस टाकला गेला होता, प्लेटिंग असो वा नसो. त्या दोन पार्टना तो १६ दिवस केला. दोन्हीचे शेड्यूल एकाच आठवड्यात आणले, म्हणजे प्लेटिंगचा लॉट एकत्र मोठा होतो आणि बॅरलची वाट बघावी लागत नाही. काकांच्या मुलाला सप्लायर पोर्टलवर एएसएन टाकायला शिकवलं. तो ते फोनवरूनच करतो.

फोनवर शेड्यूल पुढे ओढणं बंद झालेलं नाही, होणारही नाही. पण आता प्लॅनरने फोन ठेवला की पीओवरची तारीख बदलायची आणि त्यात कारणाचा कोड टाकायचा, असं ठरलं आहे. तातडीच्या मागणीचाही एक कोड आहे. रिस्पॉन्सचे गुण पुढच्या तिमाहीपासून त्या नोंदींवरून निघतील, बायरने मनाने भरायचे नाहीत. संख्या पूर्ण आली का हे मोजायचा बदल आयटीकडे अडकून आहे. तो होईपर्यंत पहिल्या तीन सप्लायरांच्या अर्धवट रिसीट मी दर महिन्याला हाताने काढते आणि रिव्ह्यूत ठेवते.

शाफ्टचा आरएफक्यू काकांना गेला. त्यांचा दर दुसऱ्या नंबरचा आला, त्यामुळे सध्या त्यांना ४० टक्के शेड्यूल मिळालंय. पहिला सॅम्पल लॉट परवा इन्स्पेक्शनला लागला.