आमची वाटचाल : शिट्टीच्या मागे लागताना

सत्कार, लग्नं, व्याख्यानं यांच्या व्हिडिओचं संकलन करता करता आमच्याकडे एक वेगळंच काम वाढत गेलं : मध्येच माईकने मारलेली शिट्टी काढून देणं. सुरुवातीला आम्ही इक्वलायझरची पट्टी खाली ओढायचो. शिट्टी जायची, पण तिच्यासोबत वक्त्याच्या आवाजातली धारही जायची. कारण शिट्टी एकाच कंप्रतेवर असते आणि पट्टी मात्र कित्येकशे हर्ट्झ कापते. म्हणून आम्ही एका कंप्रतेभोवतीचा बारीक भागच कापणाऱ्या नॉच फिल्टरकडे वळलो.

आता आधी आवाज वेगळा काढून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकात स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणती कंप्रता आहे हे दाखवणारं चित्र, उघडतो. बोलण्याचे पट्टे खालीवर लहरतात, तर शिट्टी आडव्या, सरळ, बारीक रेषेसारखी दिसते. तेवढाच तुकडा निवडून Plot Spectrum मध्ये आकार 8192 ठेवला, की 48000 च्या ध्वनीत साधारण 6 हर्ट्झपर्यंतचा फरक वाचता येतो. हे वाचन घाईत केलं तर पुढचं सगळं वाया जातं.

उदाहरणार्थ, शिट्टी 2480 हर्ट्झवर, 12:34 ते 12:37 या वेळात आहे. Q, म्हणजे काप किती अरुंद हे ठरवणारा आकडा, 30 धरला तर कापाची रुंदी 2480 भागिले 30, म्हणजे सुमारे 83 हर्ट्झ. आज्ञा अशी :

```
ffmpeg -i in.mp4 -c:v copy -af "bandreject=f=2480:width_type=q:w=30:enable='between(t,754,757)'" out.mp4
```

चित्राला हात लागत नाही, फक्त आवाज पुन्हा एन्कोड होतो. कापाची सुरुवात आणि शेवट शब्दांमधल्या विरामात घ्यावेत, नाहीतर बारीक टिक ऐकू येतो.

या फिल्टरची खोली फक्त नेमक्या मध्यावर असते. 3 हर्ट्झ चुकलं तरी शिट्टी साधारण 23 डेसिबलने उतरते, पण 15 हर्ट्झ चुकलं की जेमतेम 9. ‘फिल्टर लावला पण शिट्टी तशीच’ ही तक्रार बहुधा इथूनच येते. वक्ता माईक हलवतो आणि रेषा थोडी सरकते, तेव्हा Q 15 वर आणावा. रेषा थेट दुसऱ्या ठिकाणी उडी मारत असेल, तर प्रत्येक तुकड्याला वेगळा फिल्टर लावावा. Q उगाच शेकड्यात नेऊ नये. काप घंटेसारखा घुमतो आणि जरा सरकलेली शिट्टी निसटते.

शिट्टी जोरात असेल तर 7440 वर, म्हणजे तिप्पट कंप्रतेवर, दुसरी रेषा दिसते. आवाज फार मोठा होऊन ध्वनिलहरींचे माथे कुठेतरी कापले गेल्याची ती खूण. तिथेही नॉच लावतो, पण त्या क्षणी चिरडलेले शब्द परत येत नाहीत, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगतो.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. कॅमेऱ्याचा स्वयंचलित आवाज-नियंत्रक शिट्टीला घाबरून सगळाच आवाज खाली ओढतो. शिट्टी निघाल्यावर वक्ता तीन सेकंद एकदम हळू बोलल्यासारखा वाटतो, आणि ती दरी शिट्टी संपल्यावरही क्षणभर राहते. तेवढा भाग मागच्या-पुढच्या वाक्यांशी कानाने जुळवत उचलावा लागतो. गाण्यात बासरीचा सूर त्याच कंप्रतेवर असेल, तर तिथे आम्ही शिट्टी अर्धीच कमी करतो.