टिपणातलं थंड होणारं पाणी

उपयोजित गणिताच्या तासाला सर जे टिपण वाटायचे, त्यातलं एक गणित आमच्या बहुतेक तुकड्यांच्या वाट्याला आलं असेल. खोलीचं तापमान २५ अंश, पातेल्यातलं पाणी ८५ अंशांवरून १० मिनिटांत ६५ वर आलं, तर ४५ वर यायला एकूण किती वेळ लागेल? घाईचं उत्तर ठरलेलं: दहा मिनिटांत वीस अंश, म्हणून चाळीस अंशांना वीस मिनिटं. ते चुकतं, कारण पाणी थंड होण्याचा वेग त्याच्या आणि खोलीच्या तापमानातल्या फरकावर ठरतो, आणि तो फरक सतत घटत असतो.

न्यूटनचा हा नियम मांडला की समीकरण होतं:

dT/dt = −k(T − 25)

आता T असलेलं सगळं डावीकडे, t असलेलं उजवीकडे:

dT/(T − 25) = −k dt

दोन्ही बाजूंचं इंटिग्रेशन केलं की ln(T − 25) = −kt + c. खरी गडबड पुढच्या पायरीवर होते. लॉग काढताना अनेक जण T − 25 = e^(−kt) + c लिहून मोकळे होतात. स्थिरांक घातांकात होता, तेव्हा तो बाहेर येताना गुणक म्हणूनच येणार: T − 25 = A·e^(−kt). सुरुवातीला फरक ६० अंश, म्हणून A = 60. थंड सरबत खोलीत ठेवलं तर हाच A ऋण येतो. तिथे लॉगमध्ये T − 25 चं निरपेक्ष मूल्य घ्यायचं, बाकी रीत तीच.

दहा मिनिटांनी फरक ६० चा ४० झाला, म्हणजे दर दहा मिनिटांत दोन तृतीयांश उरतो. विसाव्या मिनिटाला तो २६.७, म्हणजे पाणी अजून ५१.७ अंशांवर. ४५ अंशांना फरक २० हवा:

t = 10 × ln 3 / ln 1.5

उत्तर सुमारे २७.१ मिनिटं. k वेगळा काढून ०.०४ असा गोल केला तर २७.५ येतात, म्हणून गुणोत्तर शेवटपर्यंत तसंच ठेवणं बरं.

प्रयोगशाळेत कॅलरीमीटर आणि ढवळणी घेऊन हेच तपासता येतं. ln(T − 25) आणि वेळ यांचा आलेख सरळ रेषेत यायला हवा. भांडं उघडं असेल तर सुरुवातीचा भाग जास्त उताराचा येतो, कारण गरम पाण्याची वाफ होताना वेगळी उष्णता जाते आणि ती समीकरणात धरलेलीच नाही. झाकण ठेवा, बराच फरक पडतो. रेषा शेवटाकडे वाकत असेल तर मात्र संशय खोलीच्या तापमानावर घ्यावा. ते खऱ्यापेक्षा दोन अंश कमी धरलं असेल, तर फरक मोठा असताना ते लक्षात येत नाही. फरक पाच-सहा अंशांवर आला की रेषा आडवी व्हायला लागते.