डोळे फुटले, आणि तू शब्दकोश उघडला नाहीस

मंगळवार, रात्र.

उद्या तुझ्या वहीत ठेवायची चिठ्ठी आधी इथे लिहून काढतो. तुझी मातृभाषा हिंदी, मराठी शिकायला लागून तुला सहा महिने झाले. द्राक्षबागांच्या बातमीचं कात्रण तू वाचून आणलंस, त्यातल्या तीन वाक्यांत शब्दकोशात शोधायच्या बारा शब्दांखाली रेघा आहेत. ती वाक्यं अशी:

‘ऑक्टोबर छाटणीनंतर पंधरवड्यात डोळे फुटले, पण ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला. घडकूज वाढली, डावणीने पाने करपली आणि बागायतदार हवालदिल झाले. उरलेला माल तरी पदरात पडावा म्हणून फवारण्या सुरूच आहेत.’

शब्द एकोणतीस. मोबाईलमध्ये एक शब्द शोधायला अर्धं मिनिट धरलं, तरी बारा शब्दांना सहा मिनिटं जातात. सलग वाचली तर ही वाक्यं वीस सेकंदांत संपतात. पण वेळ हे लहान नुकसान आहे. मोठं नुकसान मराठी वाक्याच्या घडणीमुळे होतं. आपलं क्रियापद शेवटी येतं, हिंदीसारखंच, आणि तोवर आधीचं सगळं मनात धरून ठेवावं लागतं. हे वाक्य बघ: ‘गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे रामकुंडावर अडकलेल्या भाविकांना जवानांनी बाहेर काढले.’ ‘भाविक’वर थांबून तू मोबाईल उघडलास, की परत येईपर्यंत कोण अडकलं आणि कशामुळे, हे मनातून निसटलेलं असतं. मग वाक्य पुन्हा पहिल्यापासून. हिंदीत हेच वाक्य तू न अडखळता वाचशील, म्हणजे अडचण वाक्याच्या लांबीची नाही, मध्येच उठून जाण्याची आहे. शिवाय ‘रामकुंडावर अडकलेल्या’ म्हटल्यावर भाविक म्हणजे तिथे आलेली माणसं, हे कळतंच. श्रद्धाळू हा नेमका अर्थ नंतर मिळाला तरी चालतं.

दुसरी अडचण शब्दकोशाची. तू ‘फुलोऱ्यात’ टाकलंस आणि काहीच आलं नाही. येणार कसं? कोशात ‘फुलोरा’ असतो. प्रत्यय लागण्याआधी नामाचं सामान्यरूप होतं, आणि ‘्या’ दिसला की मूळ शब्द तीन ठिकाणी असू शकतो: रस्त्यात म्हणजे रस्ता, डोक्यात म्हणजे डोके, पाण्यात म्हणजे पाणी. दर वेळी तिन्ही दारं ठोठावत बसलास तर अर्ध्या मिनिटाचं दीड मिनिट होतं. क्रियापदांचं तर विचारूच नको. ‘गेला’ शोधायला ‘जाणे’ माहीत हवं, आणि ते माहीत असेल तर शोधायचं काय उरलं?

आता त्या बारा शब्दांकडे ये. छाटणीत तुझं छाँटना आहे, फवारणीत फव्वारा, पंधरवड्यात पंद्रह, फुलोऱ्यात फूल, बागायतदारात बाग. हे पाच तुला येत होतेच, फक्त अनोळखी कपडे घालून आले होते. ‘अवकाळी’ वाचून तुला अकाल म्हणजे दुष्काळ आठवला असेल, पण पुढचाच शब्द ‘पाऊस’ आहे आणि वाक्य ‘पण’ने वळलंय, तेव्हा हा नको त्या वेळचा पाऊस. ‘घडकूज’ मधोमध तोड. घड म्हणजे द्राक्षांचा घोस, तो तू नाशिकला पंचवटीतल्या हातगाड्यांवर रोज बघतोस. आणि ‘कूज’ पावसानंतर वाढते, म्हणजे सडणं. ‘डावणी’ला ‘ने’ लागलाय, म्हणजे पानांचं काहीतरी करणारी तीच. रोग आहे, एवढं पुरे. बागेत काम करायचं झालं तर तिची बुरशी आणि तिच्यावरची औषधं शिकशील, बातमीसाठी नको. पानं ‘करपली’ म्हणजे त्यांचं वाईट झालं, जळाल्यासारखी झाली असतील, इतका अंदाज बरोबर आहे. ‘ऐन’ सरळ गाळून वाच, वाक्य मोडत नाही. असे चार-सहा वेळा भेटले की असले शब्द आपोआप कळतात.

उरले दोन. ‘हवालदिल’चा सूर कळतो, पण नक्की काय ते कळत नाही, आणि शेतीच्या बातम्यांत तो पुन्हा पुन्हा येणार, म्हणून बघण्याजोगा. धीर सुटलेला, काय करावं ते न सुचणारा. दुसरा ‘पदरात पडणे’. तू पदर आणि पडणे वेगवेगळे शोधलेस आणि साडीचं टोक घेऊन बसलास. जोडीने येणारे शब्द जोडीनेच शोधायचे: पदरात पडणे म्हणजे आपल्या वाट्याला येणे, हाती लागणे.

आणि जिथे खरंच थांबायला हवं होतं तिथे रेघच नाही. ‘डोळे फुटले.’ डोळा तुला माहीत, फुटणे माहीत, आणि हिंदीत आँखें फूटना म्हणजे आंधळं होणं. तू समासात ‘किसान अंधे हुए?’ असं लिहिलंयस, मी हसलो नाही. वेलीच्या काडीवर जिथून नवा कोंब येतो त्या जागेला डोळा म्हणतात. छाटणीनंतर तो फुटणं ही चांगली बातमी, म्हणून तर पुढे ‘पण’ आलाय. हिंदीभाषकाला मराठीत अनोळखी शब्द फारसे फसवत नाहीत, ओळखीचे फसवतात. शिक्षा, चेष्टा, संसार, खाली: चारही तुझ्या भाषेत आहेत आणि चारही इथे वेगळे आहेत. ओळखीच्या शब्दाने वाक्य विचित्र झालं, की तोच शब्द संशयित धरायचा.

तेव्हा असं कर. परिच्छेद एकदा शेवटपर्यंत वाच, पेन्सिल खाली ठेवून. दुसऱ्यांदा वाचताना अडलेल्या शब्दावर फक्त ठिपका दे, रेघ नको, रेघ डोळ्याला थांबवते. परिच्छेद संपल्यावर ठिपक्यांवर परत ये. जो शब्द पुन्हा येतो किंवा ज्याच्यावाचून वाक्याचा अर्थच लागत नाही, तोच शोध. पानाला तीनपेक्षा जास्त नकोत. खेरीज, ऐवजी, जरी, मात्र यांना गाळून वाचण्याची सवलत नाही. ‘तुझ्याखेरीज सगळे आले’ यात खेरीज गाळलास तर घरी राहिलेला माणूस पोचलेला होतो.

अंदाज करूनही दर ओळीला अडत असशील तर तो मजकूर आत्ता तुझा नाही. शंभर शब्द मोज. इंग्रजी वाचणाऱ्यांवर हू आणि नेशन या संशोधकांनी २००० साली केलेल्या अभ्यासात, कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायला शंभरातले सुमारे ९८ शब्द ओळखीचे लागतात, असं दिसलं. मराठीला तो आकडा जसाच्या तसा लावू नये, पण मापाला बरा आहे. दोन-तीन अडले तर बिनधास्त वाच. पाच-सहा अडले तर हळू. दहा अडले तर कात्रण बाजूला ठेव आणि सोपं घे. या कात्रणात बारांतले दहा तू अंदाजाने काढू शकत होतास, म्हणून ते मी ठेवलं.

औषधाच्या पाकिटावरचा मजकूर, भाडेकरार, महापालिकेची नोटीस मात्र याला अपवाद. तिथे प्रत्येक शब्द बघ, आणि तरी मला विचार.

गुरुवारसाठी दुसरं कात्रण जोडतोय, गोदावरीच्या पुराचं. त्यात ‘पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले’ असं वाक्य आहे. ‘लागले’ कोशात शोधू नकोस, अर्थांची रांग निघेल. मारुतीची मूर्ती नदीपात्रात उभी आहे, एवढं लक्षात ठेवून वाच आणि पाणी किती चढलं ते समासात लिही.