लोंबीवरून महिना ओळखताना: खाचराच्या वहीतल्या नोंदी, मे ते नोव्हेंबर

मे महिन्यात एका फोटोत मी चुकलो आणि ही वही सुरू झाली. आमचा सहा जणांचा गट आहे. दर रविवारी एक जण शेताचा फोटो टाकतो आणि बाकीचे पीक बघून मुलूख आणि महिना सांगतात. त्या दिवशीच्या फोटोत लहान लहान खाचरं, कापणीला आलेलं पिवळं भात आणि मागे डोंगर होता. मी लगेच लिहिलं, "मुळशी नाहीतर मावळ, नोव्हेंबरचा पहिला आठवडा." उत्तर आलं, कर्जत तालुका, एप्रिलअखेर. मुलूख थोडक्यात हुकला, पण महिना पार अर्धं वर्ष लांब गेला.

मग ठरवलं की एकच खाचर धरायचं आणि पंधरा दिवसांनी त्याच बांधावरून त्याच दिशेला फोटो काढायचा. कोथरूडहून सकाळी निघून पौडच्या पुढे जाऊन दुपारपर्यंत परत येता येतं, म्हणून जागा तिथली निवडली.

पहिल्या फोटोत, मेअखेरीस, सगळं खाचर ढेकळांचं आणि मातकट होतं. फक्त एका कोपऱ्यात काळा चौकोन. हा राब. शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या आणि वर मातीचा थर देऊन जागा भाजतात आणि पाऊस लागला की तिथेच रोपं टाकतात. रोपांना लावणीच्या क्षेत्राच्या साधारण दहावा हिस्सा जागा लागते. म्हणून उघड्या रानात असा लहान काळा तुकडा दिसला की सह्याद्रीचा पट्टा आणि पावसाच्या आधीचे दिवस, असा अंदाज मी आता बेधडक लिहितो. जूनअखेरच्या फोटोत तोच तुकडा पोपटी झाला होता आणि भोवतालचं रान अजून रिकामंच होतं. जुलैत चिखलणी आणि आवणी झाली. पाण्यात आभाळ दिसत होतं आणि रोपांच्या ओळी मोजता येत होत्या.

ऑगस्टचे दोन फोटो वाया गेले. पान दाटलं की पाणी झाकतं, ओळी मिटतात. बांध हिरवा, डोंगर हिरवा, भातही हिरवं. एकाच खाचराचे ५ ऑगस्ट आणि २० ऑगस्टचे फोटो शेजारी ठेवले तर कुठला आधीचा ते मलाही सांगता येईना. नुसत्या हिरव्या भातावरून पंधरवडा सांगणारा माणूस नशिबावर खेळतोय, असं माझं ठाम मत झालं आहे.

खरी किल्ली सप्टेंबरात मिळाली, तीही खाचराच्या मालकीणबाईंकडून. मी पानांचा रंग टिपत होतो. त्या म्हणाल्या, "दादा, पानाकडं काय बघताय? पोटरी दाबून बघा." खोडाचा वरचा भाग फुगला होता, आत लोंबी होती. "आता निसवंल. निसवलं की महिन्याभरात कापणी. पेरणी मागं-पुढं हुईल, पर ह्ये न्हाई हुयाचं."

घरी येऊन वाचलं तर त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून निघालं. उष्ण मुलखात लोंबी बाहेर पडल्यापासून दाणा पिकेपर्यंत साधारण ३० दिवस लागतात, मग जात लवकर पिकणारी हळवी असो की उशिरा पिकणारी गरवी. हळव्या-गरव्यातला फरक पडतो तो त्याआधी, फुटव्यांच्या काळात. म्हणजे हिरव्या पानाचं घड्याळ जातीनुसार पुढे-मागे चालतं आणि लोंबीचं घड्याळ सगळ्यांचं जवळपास सारखं. ताठ, हिरवी लोंबी दिसली तर कापणी तीन-चार आठवड्यांवर आहे. लोंबी वाकून वरचे दाणे पिवळे झाले असतील तर दीड-दोन आठवड्यांवर. माझ्या खाचरात इंद्रायणी होती. सप्टेंबरच्या शेवटी निसवली आणि ऑक्टोबरअखेर कापली.

पण एवढ्याने कळतं ते कापणी किती दिवसांवर आहे. कापणी कुठल्या हंगामातली, हे लोंबी सांगत नाही. माझी मेमधली चूक नेमकी हीच होती. पिकलेलं भात दिसलं आणि मी आपल्या मावळातला एकुलता हंगाम त्यावर चिकटवला. पाणी असेल तिथे उन्हाळी भात घेतात. त्याची लावणी जानेवारीच्या आसपास आणि कापणी एप्रिल-मेमध्ये. बंगालातलं बोरो भातही एप्रिल-मेमध्येच कापतात.

म्हणून नोव्हेंबरात तो जुना फोटो पुन्हा उघडला आणि या वेळी भाताकडे शेवटी बघायचं ठरवलं. आधी डोंगर. गवत साफ वाळलेलं, सागाला पान नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला साग पानांत असतो आणि डोंगरावर अजून हिरवट झाक असते. माझ्या वहीतल्या फोटोत पावसाचं भात पिकताना बांध आणि उतार हळूहळू, एकत्र रंग बदलतात. या फोटोत मात्र एक सरळ रेघ होती. रेघेखाली बांधावरचं गवत ओलं हिरवं, रेघेवर सगळं करपलेलं. अशी रेघ बहुतेक वेळा कालव्याची असते.

मग सावली. बांधावरून चाललेल्या बाईची सावली जवळजवळ पायाखाली होती. नोव्हेंबरच्या मध्यावर आपल्या अक्षांशावर भर दुपारीही सावली उंचीच्या पाऊणपटीखाली जात नाही. तेव्हा फोटो किती वाजता काढला हे माहीत नसलं तरी नोव्हेंबर बाद होतो. एप्रिलअखेर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, ते जुळतं. ढग भरले असते तर हा पुरावा मिळाला नसता आणि डोंगर-सागावरच भागवावं लागलं असतं.

हीच सवय कापसाला लावून बघतोय. फुटलेली पांढरी बोंडं पाहून पूर्वी मी डोळे मिटून "यवतमाळ, नोव्हेंबर" लिहायचो. आता आधी माती. काळी भेगाळ माती आणि पावसाचं शेत असेल तर विदर्भ-मराठवाडा आणि दिवाळीनंतरची वेचणी ठीक आहे. फिकट, सपाट रान आणि पाटाचं पाणी दिसलं तर पंजाब-हरियाणा. तिथे पेरणी एप्रिल-मेमध्ये होते, म्हणून बोंडं सप्टेंबर-ऑक्टोबरातच फुटतात. वेचून झालेली पऱ्हाटी उभी असेल तर मी अजून गोंधळतो, कारण ती महिनोन्‌महिने तशीच राहते.

चहात मुलूख सोपा जातो. उतारावर चहा आणि त्यात उंच, सरळ सिल्व्हर ओक असतील तर निलगिरी-मुन्नारकडचा अंदाज. सपाट जमीन, चर आणि पसरट सावलीची झाडं असतील तर आसाम. महिना मात्र आसामातच थोडा सापडतो. थंडीत तिथे खुडणी थांबते आणि छाटलेल्या झुडपांच्या नुसत्या काड्या दिसतात. दक्षिणेत वर्षभर खुडणी चालते, तिथे मी महिन्याची जागा कोरी सोडतो.

कर्जतच्या त्या रेघेचा छडा मात्र लागला. तो राजनाला कालवा. भिवपुरीला वीज तयार झाल्यावर सोडलेलं पाणी त्यातून कर्जतच्या भाताला मिळतं आणि भिवपुरीला ते घाटावरून, मावळातल्या ठोकळवाडी धरणातून उतरतं. मी मावळचं समजलो ते भात कर्जतचं होतं, पण त्याच्या मुळाशी पाणी मावळातलंच होतं. जानेवारीत तिथली लावणी बघायला जाणार आहे. तोच बांध सापडला तर तोच कोन धरून फोटो काढीन आणि वहीचं पुढचं पान तिथून सुरू होईल.